दोन परीक्षकांच्या गुणांची सरासरी काढू नका: राज्यशास्त्राच्या नियमनाविषयी खुले पत्र

प्रति,
दहावीच्या सामाईक पूर्वपरीक्षा समितीचे अध्यक्ष, सदस्य आणि राज्यशास्त्राचे नियामक,

सादर नमस्कार.

बोर्डाच्या परीक्षेत परीक्षक, नियामक आणि मुख्य नियामक अशी उतरंड असते. गुणांवरून मतभेद झाला तर शेवटचा शब्द कोणाचा, हे आधीच ठरलेले असते. शाळांनी मिळून घेतलेल्या पूर्वपरीक्षेत तसे नसते. एक गठ्ठा दोन शाळांचे दोन शिक्षक तपासतात. दोघांचा अनुभव सारखा, अधिकारही सारखा. गुण जुळले नाहीत की गठ्ठा समितीकडे येतो, आणि समिती बहुतेक वेळा दोघांच्या बेरजा मिळवून दोनाने भागते. कोणाला वाईट वाटत नाही, निकाल वेळेत लागतो. पण आमची तुम्हाला कळकळीची विनंती आहे की ही सरासरी एवढ्या लवकर काढू नका. ती का काढू नये आणि तिच्याऐवजी नेमके काय करावे, हे एका गठ्ठ्याचा हिशेब मांडूनच सांगतो.

इतिहास व राज्यशास्त्राच्या चाळीस गुणांच्या पेपरात राज्यशास्त्राचे बारा गुण. प्रश्न सहावा पर्याय निवडण्याचा, दोन गुणांचा. सातवा ‘विधान चूक की बरोबर ते सकारण स्पष्ट करा’, कोणतीही दोन विधाने, चार गुण. आठव्यात संकल्पना स्पष्ट करणे दोन गुण आणि सूचनेनुसार कृती दोन गुण. नववा थोडक्यात उत्तराचा, दोन गुण. बारांत दोनाचा फरक म्हणजे सहावा हिस्सा. चाळीसच्या बेरजेत तो दिसतही नाही, म्हणून राज्यशास्त्राचे बारा गुण वेगळे काढून तपासल्याशिवाय मतभेद कुठे आहे हे कळत नाही.

समजा, गठ्ठ्यात तीस उत्तरपत्रिका आहेत. पहिल्या परीक्षकांची सरासरी बारांपैकी ८.१ आणि दुसऱ्यांची ६.९. फरक १.२ गुणांचा. समितीपुढे एवढे दोनच आकडे आले तर पहिले सैल आणि दुसरे कडक असे वाटते, आणि ७.५ वर तडजोड होते. प्रत्यक्षात हे दोन आकडे काहीच सांगत नाहीत.

सर्वांत आधी हमालीच्या चुका बाजूला काढाव्या लागतात. प्रत्येक पानाचे गुण मुखपृष्ठावरच्या चौकटीत आले का, बेरीज बरोबर आहे का, पुरवणीवरचे उत्तर कोणाच्या नजरेतून सुटले का, मधले पान कोरे सोडून मुलाने पुढे उत्तर लिहिले आहे का, हे पाहावे. आणखी एक नेहमीची गोष्ट म्हणजे ‘कोणतीही दोन’ असे असताना मुलाने तिन्ही विधाने सोडवलेली असतात. एक परीक्षक पहिली दोन धरतात, दुसरे ज्यांना जास्त गुण पडतात ती दोन धरतात. दोघांचाही हेतू चांगला, पण गुण वेगळे. आमच्या मते जास्त गुणांची दोन धरावीत, कारण मुलाने जादा लिहिले म्हणून त्याचे नुकसान होऊ नये. समितीने काहीही ठरवले तरी ते तपासणीच्या आधी लिहून द्यावे. आपल्या तीसच्या गठ्ठ्यात अशा तीन उत्तरपत्रिका निघाल्या आणि त्या दुरुस्त झाल्या, असे धरू. वरच्या सरासऱ्या या दुरुस्तीनंतरच्या आहेत.

आता प्रश्नवार तक्ता करायचा. उभ्या रांगेत तीस बैठक क्रमांक, आडव्या रांगेत प्रश्न, आणि प्रत्येक चौकटीत पहिल्या परीक्षकांच्या गुणांतून दुसऱ्यांचे गुण वजा. उणे चिन्ह आले तर ते तसेच ठेवायचे, पुसायचे नाही. बहुतेक तक्ते इथेच बिघडतात. फरक म्हणजे फरक, असे म्हणून चिन्ह काढून टाकले की एक परीक्षक सगळीकडे कडक आहे की दोघे कधी इकडे कधी तिकडे वाहवत आहेत, हे कळायला मार्ग राहत नाही. पहिल्या दुखण्याचा आणि दुसऱ्याचा इलाज एक नाही.

आपल्या गठ्ठ्यात हा तक्ता असा दिसतो. सहाव्या प्रश्नात सरासरी फरक शून्य. सातव्यात ०.९. आठव्याच्या संकल्पनेत ०.२, कृतीत शून्य. नवव्यात ०.१. बेरीज १.२. म्हणजे मतभेदाचा तीन चतुर्थांश भाग एकट्या सातव्या प्रश्नात आहे. बाकीच्या आठ गुणांवर दोघे परीक्षक जवळजवळ एकमताचे आहेत. दुसऱ्या परीक्षकांना सरसकट कडक म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे होते, हे इथे उघड होते.

सातव्या प्रश्नाची रांग आणखी जवळून पाहू. चोवीस उत्तरपत्रिकांत पहिल्या परीक्षकांनी जास्त गुण दिले आहेत, एकूण तीस गुण जास्त. दोन उत्तरपत्रिकांत दुसऱ्या परीक्षकांनी प्रत्येकी दीड गुण जास्त दिले आहेत. उरलेल्या चार मुलांनी सातवा प्रश्न सोडवलेलाच नाही, तिथे दोघांचेही शून्य. तीसमधून तीन वजा केले की सत्तावीस, त्याला तीसने भागले की ०.९. या एका रांगेत तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि सरासरी त्या तिन्हींना एकच औषध देते.

चार कोऱ्या उत्तरांपासून सुरुवात करू. काही ठिकाणी सरासरीऐवजी ‘कडक परीक्षकांच्या गुणांत सरसकट एक गुण मिळवा’ असा तोडगा काढतात. तसे केले तर या चौघांना न लिहिलेल्या उत्तराचा एक गुण मिळतो. शिवाय ज्याला बारापैकी बारा आहेत त्याला काहीच मिळत नाही, कारण वर जागाच नाही. सरसकट वाढ ही बेरजेवर चढते. मतभेद मात्र बेरजेत नसतो, एका प्रश्नाच्या एका उत्तरात असतो.

आता चोवीस उत्तरपत्रिका. विधान असे आहे: ‘माहितीच्या अधिकारामुळे शासकीय कारभारातील गोपनीयता वाढली आहे.’ एका मुलाचे उत्तर साधारण असे असते: ‘हे विधान चूक आहे. कारण आता कोणीही अर्ज करून सरकारी ऑफिसातली माहिती मागू शकतो. त्यामुळे साहेबांना काही लपवता येत नाही.’ पहिले परीक्षक याला दोनपैकी दोन देतात. ‘चूक’ लिहिले, एक गुण. कारण बरोबर दिशेचे, एक गुण. दुसरे परीक्षक अर्धा देतात. त्यांच्या मते ‘पारदर्शकता’ नाही, ‘उत्तरदायित्व’ नाही, २००५ च्या कायद्याचा उल्लेख नाही, म्हणजे कारण आलेच नाही. निर्णयाचा तेवढा अर्धा.

दोघांनी वेगवेगळी वाटणी मनात धरली आहे आणि दोघेही तिच्याशी प्रामाणिक आहेत. म्हणून त्यांना समोरासमोर बसवून ‘थोडे तुम्ही वाढवा, थोडे तुम्ही कमी करा’ म्हणण्यात अर्थ नाही. गुणदान योजनेत एक ओळ राहून गेली आहे, ती आता लिहायची आहे.

आम्ही सुचवतो ती ओळ अशी. निर्णयाला अर्धा गुण. कारणाला दीड, म्हणजे तीन मुद्द्यांना प्रत्येकी अर्धा. या विधानाचे मुद्दे: नागरिकांना माहिती मागण्याचा हक्क मिळाला, गोपनीयता कमी होऊन कारभार पारदर्शक झाला, शासनाला नागरिकांपुढे जबाब द्यावा लागतो. मुद्दा मुलाच्या शब्दांत आला तरी धरायचा. कायद्याचे वर्ष हा मुद्दा नाही, कारण विधान वर्षाविषयी काही विचारत नाही. याप्रमाणे वरच्या उत्तरात निर्णयाचा अर्धा, अर्ज करून माहिती मागता येण्याचा अर्धा आणि लपवता येत नाही याचा अर्धा. जबाबदारीचा मुद्दा आलेला नाही. एकूण दीड.

निर्णयाला एक न देता अर्धाच का, हा प्रश्न रास्त आहे. चूक की बरोबर यात निम्मा अंदाज लागतोच. दोन विधानांवर डोळे झाकून लिहिणाऱ्याचे सरासरी एक बरोबर येते. निर्णयाला एक गुण ठेवला तर त्याला चारांपैकी एक गुण फुकट पडतो, अर्धा ठेवला तर अर्धाच. आणि प्रश्नातला शब्द ‘सकारण’ आहे, तेव्हा वजन कारणाकडे असणे बरोबर. ज्या समितीला एक अधिक एक ही वाटणी हवी, तिने ती ठेवावी. पण ती कागदावर असावी आणि दोघांच्याही हातात तोच कागद असावा.

उरल्या त्या दोन उत्तरपत्रिका, जिथे फरक उलटा आहे. मुलाने लिहिले आहे, ‘हे विधान बरोबर आहे. कारण माहितीच्या अधिकारामुळे कारभार पारदर्शक झाला, लोकांना माहिती मिळू लागली आणि सरकारला उत्तर द्यावे लागते.’ पहिल्या परीक्षकांनी निर्णय चुकला म्हणून शून्य दिले. दुसऱ्यांना हवे असलेले सगळे शब्द कारणात आहेत, म्हणून त्यांनी दीड दिला. सरासरी पाऊण गुण. हा पाऊण गुण पहिले परीक्षकही समर्थनाने सांगू शकत नाहीत आणि दुसरेही नाहीत. मुलाने उत्तरपत्रिका दाखवायला मागितली तर कोणत्या ओळीला हा पाऊण, असे विचारल्यावर सांगायला कोणाकडे काही नाही.

या उत्तरावर आमच्यातही दोन मते आहेत. बहुतेकांच्या मते शून्य योग्य, कारण गुण आहे तो निर्णयाला आधार देणाऱ्या कारणाला, आणि इथे कारण स्वतःच्याच निर्णयाला खोडते. काहींच्या मते मुलाला विषय कळला आहे, फक्त ‘गोपनीयता’ हा शब्द कळलेला नाही, म्हणून कारणाचा एक मुद्दा, अर्धा गुण, द्यावा. समितीने यातले एक निवडावे. पण एका बैठक क्रमांकाला शून्य आणि दुसऱ्याला अर्धा असे होता कामा नये. पुढच्या हिशेबात आम्ही शून्य धरले आहे.

नियम लिहिल्यावर बहुतेक ठिकाणी एक घाई होते. ज्या उत्तरपत्रिकांत फरक मोठा, तेवढ्याच पुन्हा तपासल्या जातात. समजा, दुसऱ्या एखाद्या गठ्ठ्यात एका मुलीला दोघांनीही सातव्यात चारांपैकी दोन दिले आहेत. फरक शून्य, म्हणून तिची उत्तरपत्रिका कोणी उघडत नाही. पण पहिल्यांनी ते दोन निर्णयांचे दिलेले असतील आणि दुसऱ्यांनी तिच्या कारणांचे. आकडा जुळला, वाचन जुळले नाही. नवा नियम लावला तर तिला तीनही पडू शकतात. म्हणून सातवा प्रश्न तिसांच्या तीस उत्तरपत्रिकांत पुन्हा तपासावा लागतो, आणि फक्त सातवाच. बाकीच्या प्रश्नांना हात लावायचा नाही. एका उत्तराला दोन मिनिटे धरली तर एका परीक्षकांचे हे एका तासाचे काम आहे.

पुन्हा तपासण्याआधी दोघांनी नियामकांसमोर पाच उत्तरपत्रिका एकत्र वाचाव्यात. पहिल्यांनी सर्वांत जास्त दिलेल्या दोन, दुसऱ्यांनी जास्त दिलेल्या दोन, आणि एक अशी जिथे गुण जुळले आहेत. वाचताना आधीचे गुण झाकलेले असावेत. गुण समोर असले की माणूस उत्तर सोडून आपल्या आकड्याची बाजू मांडू लागतो, हा कोणाच्या स्वभावाचा दोष नाही. नियामकांनी एवढेच विचारावे: ‘यातला कोणता मुद्दा आला, तो कोणत्या ओळीत आहे?’ बोट त्या ओळीवर ठेवायला लावावे. पाच उत्तरांत साधारणपणे नियम स्थिर होतो. त्यात एखादा शब्द वाढवावा लागला तर तो तिथेच वाढवून दोघांच्या सह्या घ्याव्यात.

आठव्या प्रश्नातल्या ०.२ चे कारण वेगळे आहे आणि ते राज्यशास्त्रात वारंवार येते. बारा उत्तरपत्रिकांत अर्ध्या गुणाचा फरक आहे. संकल्पना ‘राष्ट्रीय पक्ष’. मुलांनी व्याख्या ठीक लिहिली आणि उदाहरण म्हणून आम आदमी पक्षाचे नाव दिले. पहिल्यांनी ते धरले, दुसऱ्यांनी पाठ्यपुस्तकातल्या यादीत नाही म्हणून अर्धा गुण कापला. दहावीचे पाठ्यपुस्तक २०१८ चे आहे. निवडणूक आयोगाने एप्रिल २०२३ मध्ये आम आदमी पक्षाला राष्ट्रीय पक्षाचा दर्जा दिला आणि तृणमूल काँग्रेस, राष्ट्रवादी काँग्रेस व भारतीय कम्युनिस्ट पक्ष यांचा तो दर्जा काढून घेतला. वर्तमानपत्र वाचणारे मूल आणि पुस्तक पाठ केलेले मूल इथे वेगळी उत्तरे लिहिणार. आमच्या मते दोन्ही धरावीत. पुस्तकातले नाव लिहिणाऱ्याला आपण शिकवले तेच त्याने लिहिले. नवे नाव लिहिणाऱ्याने तर विषय वर्गाबाहेरही पाहिला. त्याचा गुण कापणे हे राज्यशास्त्राच्या शिक्षकांना शोभत नाही.

स्थानिक शासनसंस्थांतल्या महिला आरक्षणाचेही असेच होते. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने किमान एक तृतीयांश जागा राखीव ठेवल्या, आणि महाराष्ट्राने २०११ पासून ते प्रमाण ५० टक्के केले. ‘३३ टक्के’ लिहिणारा आणि ‘५० टक्के’ लिहिणारा, दोघेही बरोबर असू शकतात. प्रश्न घटनादुरुस्तीविषयी आहे की महाराष्ट्राविषयी, हे पाहायचे. पेपर काढणाऱ्यांनीच प्रश्नात ते स्पष्ट केले तर परीक्षकांपर्यंत वाद येणारच नाही.

याच प्रश्नात आणखी एक नाजूक जागा आहे. ‘राजकारणाचे गुन्हेगारीकरण’ किंवा ‘घराणेशाही’ लिहिताना मुले एखाद्या पक्षाचे किंवा पुढाऱ्याचे नाव घेतात. ते नाव परीक्षकांना पटणारे असो वा खटकणारे, पेन तिथे थबकतेच. नियम असा हवा की नावाला गुण नाही आणि नावामुळे गुण कमीही नाही. संकल्पनेचा मुद्दा आला की नाही एवढेच पाहायचे. इतर विषयांच्या परीक्षकांना हा प्रसंग क्वचित येतो. आपल्याला दर गठ्ठ्यात येतो, म्हणून तो योजनेत लिहिलेला असावा.

नवव्या प्रश्नातला ०.१ इतका लहान आहे की सोडून द्यावासा वाटतो. पण तक्ता तपासणीच्या क्रमाने लावला की पहिल्या वीस उत्तरपत्रिकांत फरक शून्य दिसतो आणि शेवटच्या दहांतल्या सहांमध्ये पहिल्या परीक्षकांनी प्रत्येकी अर्धा गुण जास्त दिलेला दिसतो. त्यांचा नियम बदललेला नाही, ते दमले आहेत. गठ्ठ्याच्या शेवटी वाचन भरभर होते आणि ओळखीचा शब्द दिसला की गुण पडतो. काही परीक्षकांचे उलट होते, शेवटी शेवटी हात आखडतो. यावर चर्चा नको, शेवटच्या दहांचा नववा प्रश्न त्यांनी ताज्या डोळ्यांनी पुन्हा पाहावा. पुढच्या वेळी दुसऱ्या परीक्षकांनी गठ्ठा उलट्या क्रमाने तपासावा. म्हणजे दोघांचा थकवा एकाच मुलांवर पडणार नाही आणि तक्त्यात तो लगेच दिसेल.

एवढे झाल्यावर आपल्या गठ्ठ्याचे काय होते ते पाहा. सातव्या प्रश्नात पहिल्यांची सरासरी २.९ वरून २.४ वर येते, दुसऱ्यांची २.० वरून २.३ वर जाते. आठव्यात दुसऱ्यांचे ०.२ वाढतात, नवव्यात पहिल्यांचे ०.१ कमी होतात. एकूण सरासरी पहिल्यांची ७.५, दुसऱ्यांची ७.४.

इथे समितीतले कोणी म्हणेल की मग दोनाने भागूनही साडेसातच येत होते, एवढा खटाटोप कशाला? गठ्ठ्याची सरासरी जवळजवळ तीच राहिली, हे खरे. मुलांचे गुण तेच राहिले नाहीत. ज्या मुलीने दोन्ही विधानांची कारणे स्वतःच्या शब्दांत पूर्ण लिहिली तिला पहिल्यांचे चार आणि दुसऱ्यांचे दोन, सरासरी तीन. नियमाने तिला चार. ज्या मुलाने दोन्ही निर्णय अंदाजाने बरोबर लिहिले आणि खाली विधानच उलटसुलट करून ओळी भरल्या, त्याला पहिल्यांनी तीन दिले होते, दुसऱ्यांनी निर्णयांचा एक, सरासरी दोन. नियमाने त्याला एक. सरासरीने या दोघांत एकाच गुणाचे अंतर ठेवले होते, नियमाने ते तीन गुणांचे झाले. पूर्वपरीक्षेच्या याच गुणांवरून जादा तासाला कोणी बसायचे ते ठरते. ज्याला कारण लिहिता येत नाही तो दोन गुणांच्या आडोशाने त्या तासातून सुटतो, आणि बोर्डाच्या पेपरात तिथेच अडकतो.

आता उरलेले फरक. एका उत्तरपत्रिकेत बारांपैकी एक गुणापर्यंत फरक राहिला तर तिथे सरासरी खुशाल काढा. दोन जाणत्या माणसांच्या वाचनात एवढे अंतर राहणारच, आणि सरासरी त्याच कामासाठी आहे. अर्ध्याहून लहान अपूर्णांक आला तर तो एकदाच, शेवटच्या बेरजेवर, वरच्या अर्ध्या गुणापर्यंत न्यावा. प्रश्नागणिक वर नेत गेलात तर पाच प्रश्नांत मिळून गुणभर फुगवटा होतो. एकाहून जास्त फरक उरला तर ती उत्तरपत्रिका नियामकांनी स्वतः वाचावी, दोघांचे आकडे न पाहता, लिहिलेला नियम हातात घेऊन. त्यांनी दिलेला गुण अंतिम. तो पुन्हा दोघांच्या आकड्यांत मिसळून तिघांची सरासरी काढू नये, नाहीतर जी चूक दुरुस्त करायला तिसरे वाचन केले तीच एक तृतीयांश परत येते. तीसच्या गठ्ठ्यात नियम लागल्यावर अशा दोन-तीन उत्तरपत्रिकाच राहाव्यात. आठ-दहा राहिल्या तर नियम अजून अपुरा आहे असे समजावे आणि पाच उत्तरपत्रिकांची बैठक पुन्हा घ्यावी.

आणि तक्त्यात सरासरी फरक शून्याच्या आसपास, पण प्रत्येक चौकटीत दीड-दोन गुण, कधी अधिक कधी उणे, असे दिसले तर? अशा गठ्ठ्याला नियमनाने फारसे काही करता येत नाही. दोघांपैकी एकाने तरी तो नीट वाचलेला नाही. तो गठ्ठा तिसऱ्या परीक्षकांकडे कोऱ्या तक्त्यासह द्यावा. समितीला हे सांगणे अवघड जाते, पण त्याला पर्याय आम्हाला सापडलेला नाही.

या सगळ्याला एक अट आहे. दुसऱ्या परीक्षकांना पहिल्यांचे गुण दिसता कामा नयेत. उत्तरपत्रिकेवर लाल शाईत ‘दीड’ दिसला की दुसरे एक किंवा दोन देतात, शून्य देत नाहीत. फरक कमी दिसतो आणि दोन्ही वाचने झाल्याचे समाधान मिळते, पण वाचन एकच झालेले असते. म्हणून पहिल्या परीक्षकांनी उत्तरपत्रिकेवर एकही खूण न करता गुण वेगळ्या तक्त्यात लिहावेत, तक्ता बंद पाकिटात समितीकडे द्यावा, आणि गुण उत्तरपत्रिकेवर शेवटी, नियमनानंतर, एकदाच चढवावेत. तक्त्यातले आधीचे आकडे खोडून टाकू नयेत. एका रेघेने छेदून शेजारी नवा गुण, नियमाचा क्रमांक आणि सही. पालक विचारायला आले तर ती ओळ दाखवता येते.

समितीकडे आमचे मागणे फार नाही. तपासणीच्या आदल्या दिवशी दोन्ही परीक्षकांना एकच छापील गुणदान योजना द्यावी, तीत सातव्या प्रश्नाची वाटणी, जादा सोडवलेल्या उत्तरांचा नियम आणि पुस्तकाबाहेरच्या बरोबर माहितीचा नियम लिहिलेला असावा. गठ्ठ्यामागे प्रश्नवार फरकाचा एक कोरा तक्ता जोडावा. आणि वेळापत्रकात तपासणी व निकाल यांच्या मध्ये नियमनासाठी एक पूर्ण दुपार ठेवावी. पाच उत्तरपत्रिकांच्या बैठकीला पाऊण तास, फेरतपासणीला एक तास, उरलेला वेळ नियामकांच्या वाचनाला. येत्या पूर्वपरीक्षेच्या वेळापत्रकात ही दुपार दिसावी, ही विनंती.

कळावे,
आपले,
राज्यशास्त्राचे काही परीक्षक आणि नियामक